नव्वद हजार लिटरची फेरी

सांगलीला विश्रामबागेत आम्ही फ्लॅट घेतला तेव्हा बिल्डरच्या माहितीपत्रकावर सगळ्यात मोठं चित्र पोहण्याच्या तलावाचं होतं. निळंशार पाणी आणि काठावर सरबत पिणारी, आपल्या जिल्ह्यात कधीही न दिसलेली माणसं. प्रत्यक्षात राहायला आल्यावर कळलं की आमच्या सोसायटीत तलावाचा मुख्य उपयोग पाहुण्यांना दाखवण्यासाठी असतो. पाहुणे आले की त्यांना आधी तलावाकडे न्यायचं, "आमच्यात स्विमिंग पूल हाय" असं म्हणायचं, आणि मग वर नेऊन चहा द्यायचा. पोहायला फारसं कोणी येत नसे. मीही गेलो नसतो. पण माझ्या बायकोला अर्धांगाचा झटका आला आणि त्या तलावाशी आमचा संबंध जुळला.

झटका तसा हलका होता. हात सावरला, बोलणं तर आठवड्यात सावरलं, आणि खरं सांगायचं तर आधीपेक्षा धारदार झालं. राहिला तो डावा पाय. पायात ताकद होती, पण तो जमिनीवर टेकला की नाही, सरळ पडला की वाकडा, हे तिला कळत नसे. म्हणून ती चालताना सतत पायाकडे बघे. बघितलं नाही की पाय मुडपायचा. व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "काकू, पाण्यात चाला. कमरेएवढ्या पाण्यात वजन हलकं होतं, पडायची भीती नाही. फक्त पाऊल दिसलं पाहिजे. पाऊल दिसत नसेल तर उतरू नका."

आम्ही रोज सकाळी जाऊ लागलो. एका हातात काठावरचा दांडा, दुसरा हात माझ्या खांद्यावर, आणि नजर खाली पाण्यात. पहिल्या महिन्यात ती उथळ बाजूच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाऊ लागली. मला वाटलं, आता लागलं काम मार्गी.

आणि मग आमच्या सेक्रेटरींना बचत सुचली. हे गृहस्थ एका ऑफिसात कसलेतरी साहेब आहेत आणि घरी आल्यावर सोसायटीचे साहेब असतात. त्यांनी मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये फर्मान काढलं की वीजबिल वाढल्यामुळे तलावाचा पंप उद्यापासून सहा तासांऐवजी दोनच तास चालेल. खाली वीस जणांनी अंगठे दाखवले. त्यातल्या एकानंही तलावात कधी पाय बुडवला नव्हता.

मी नोकरीभर पाणीपुरवठ्यात होतो. लोणंद आणि शिरवळच्या बाजूला टाक्या, पंप आणि गळती यांतच माझे केस पांढरे झाले. त्यामुळे असलं काही वाचलं की माझं डोकं फिरतं. आमचा तलाव बारा मीटर लांब, सहा मीटर रुंद आणि सरासरी सव्वा मीटर खोल. म्हणजे नव्वद हजार लिटर पाणी. पंप तासाला पंधरा हजार लिटर पाणी ओढून वाळूच्या गाळणीतून परत तलावात सोडतो. सगळं पाणी एकदा फिरवायला सहा तास लागतात. दीड हॉर्सपॉवरचा पंप तासाला साधारण दीड युनिट वीज खातो, म्हणजे एका फेरीला नऊ युनिट. दोन तास चालवला तर तीन युनिटात तीस हजार लिटर फिरणार, उरलेलं साठ हजार आहे तिथंच. शिवाय एक फेरी झाली म्हणजे सगळं पाणी गाळलं असंही नसतं. गाळून आलेलं पाणी न गाळलेल्यात मिसळतं, आणि पंप तेच मिसळलेलं पुन्हा ओढतो. उन्हाळ्यात तर दोन फेऱ्या हव्यात. हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. त्यावर कुणीतरी हात जोडल्याचं चित्र टाकलं आणि विषय संपला.

आठ-दहा दिवसांत पाणी आधी दुधाळ आणि मग हिरवट झालं. पायऱ्यांपैकी दोन दिसत, तिसरी अंदाजानं समजून घ्यायची. बायको काठावर उभी राहिली, वाकून बघितलं, आणि म्हणाली, "चला घरी." मला सेक्रेटरींचा इतका राग आला की जेवण गेलं नाही.

मी मीटिंग बोलवायला लावली. आमचे चेअरमन फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. नदीकाठी त्यांचा उसाचा मळा आहे. माणूस मोकळा, पण जगातल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर त्यांच्या मळ्यात असतं. मी फळ्यावर आकडे मांडले. एक गृहस्थ म्हणाले, "पाणी फिरवून परत तिथंच सोडायचं असेल तर फिरवायचंच कशाला?" दुसऱ्यांनी सुचवलं की पंप रात्री लावावा, म्हणजे दिवसाची वीज वाचेल. एका बाईंनी विचारलं की तलावात तुरटी फिरवली तर? तुरटीनं घाण तळाशी बसेल हे खरं होतं, पण ती तिथून काढायला पुन्हा पंपच लागला असता. मी हे सांगत होतो तोवर चहा आला. शेवटी एवढं ठरलं की आठवडाभर सहा तास पंप चालवून बघायचा, पाणी निवळलं तर कायम.

आठवडा गेला. पाणी निवळलं नाही. इतकी वर्षं पंपांत घालवलेल्या माणसानं पंपावरच्या पाटीवर छापलेला आकडा खरा धरला होता. गाळणीतली वाळू किती दिवसांत धुतलेली नाही, हे बघायचं मला सुचलं नाही. वाळूत घाण दाटली की पाण्याला वाट मिळत नाही. पाटीवर पंधरा हजार असतात आणि प्रत्यक्षात त्याच्या निम्मेही येत नाहीत. गाळणीवर दाब दाखवणारी तबकडी असते, दाब चढला की उलटं पाणी सोडून वाळू धुवायची. आमच्या तबकडीची काच इतकी आंधळी झाली होती की काटा आत आहे की पळून गेला ते कळत नव्हतं. पण माझ्या हे लक्षात येईपर्यंत ग्रुपवर माझी भरपूर थट्टा झाली होती, आणि चेअरमनसाहेबांनी सूत्रं हातात घेतली होती.

"आवं सायेब," ते म्हणाले, "तुमचा त्यो पंप म्हंजी खेळणं हाय. माझ्या मळ्यात पाच हॉर्सपावरची मोटार रिकामी पडलीया. ती बसवतो. दोन तासात ह्ये सगळं डबकं फिरून मोकळं!"

"साहेब, मोटार मोठी झाली म्हणून नळ मोठा होत नाही," मी म्हणालो. "पाच हॉर्सपॉवर तासाला साडेचार युनिट खाईल. दोन तासांत नऊ. तेवढ्यात आपला पंप सहा तास चालतो. आणि ही गाळणी एवढा जोर सोसणार नाही."

"लय शिकल्याल्या मान्साला जोराचं भ्या वाटतंय," ते म्हणाले. सगळे हसले. सेक्रेटरी सगळ्यात मोठ्यानं हसले.

रविवारी मोटार आली. मळ्यातली चिखलाची पुटं तशीच होती. सोसायटीत लिफ्टसाठी थ्री फेज होतंच, त्यामुळे जोडायला वेळ लागला नाही. नारळ फुटला. चेअरमननीच खटका दाबला. मोटार अशी गरजली की वरच्या मजल्यावरची माणसं गॅलरीत आली. तलावाच्या भिंतीतून पाणी जोरात येऊ लागलं आणि टाळ्या पडल्या. चेअरमन माझ्याकडे बघून मिशीत हसले. मग गाळणीच्या पोटात काहीतरी कडकडलं. तळाशी बसवलेल्या प्लॅस्टिकच्या नळ्या, ज्या वाळू अडवून पाणी तेवढं पुढं सोडतात, त्या मोडल्या. आणि भिंतीतून पाण्याबरोबर वाळू यायला लागली. आधी चिमूट, मग पसा, मग धारच. मोटार बंद करेपर्यंत गाळणीतली बरीचशी वाळू तलावात उतरली होती. मुलांनी "बीच! बीच!" म्हणून एकच कल्ला केला.

दुसऱ्या दिवशी तलाव रिकामा केला. वाळू काढायला कोणाला बोलवायचं यावर सेक्रेटरी ग्रुपवर मत मागवत बसले. चेअरमन मात्र धोतराचा काचा मारून फावडं घेऊन स्वतः आत उतरले. मी गॅलरीतून बघत होतो. मला आनंद व्हायला हवा होता, झालाही थोडा. पण थोड्या वेळानं मीही खाली गेलो आणि वाळूच्या पाट्या उचलू लागलो. तासाभरानं ते कंबर धरून म्हणाले, "सायेब, ह्या नळ्या एवढ्या नाजूक असत्याल असं वाटलं न्हवतं गड्या." मी म्हणालो, "माझी पण वाळू बघायची राहिली होती." एवढंच.

नव्या नळ्या, नवी वाळू, नवी तबकडी बसली. जुना पंप परत जागेवर आला. रोज सहा तास, ऊन वाढलं की बारा, दाब चढला की वाळू धुवायची. आठवड्याभरात तळाच्या फरशीतल्या भेगा दिसू लागल्या. बायको पाण्यात उतरली, खाली बघितलं आणि म्हणाली, "दिसतोय." मग तिनं पाय उचलला. माझे डोळे भरून आले, पण तलावात हे एक बरं असतं, चेहरा ओलाच असतो.

उन्हाळा आणि पावसाळा असा गेला. ती रोज पाण्यात चालली. घरात मात्र तशीच, भिंतीला हात लावून, मान खाली घालून.

दिवाळीआधी मीटिंग झाली. सेक्रेटरी उठले. आपण आता प्रगती केली आहे, तलावाचा तळ स्वच्छ दिसतो, सबब पंपाची गरज उरलेली नाही, तो दोन तासांवर आणावा, असं ते म्हणाले. सबब हा शब्द त्यांनी दोनदा वापरला. वीस हात वर जायला निघाले. मी काही बोलणार, एवढ्यात बाजूची खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

बायको उठली होती. ती सरळ पुढं चालत गेली, सेक्रेटरींच्या टेबलापर्यंत, आणि तिथं उभी राहून म्हणाली, "आज जेवण झालं म्हणून उद्याची चूल बंद ठेवता का हो तुम्ही? तळ दिसतोय तो पंप चालतोय म्हणून. बंद करा, आणि दहा दिवसांनी पाहुणे घेऊन या दाखवायला."

कोणी हसलं नाही. चेअरमननी वर निघालेले हात आपल्या हातानं खाली बसवले. "वैनी म्हनत्यात ते बराबर हाय," ते म्हणाले. "सहाच्या खाली एक मिनिट न्हाई. लिवा, सेक्रेटरी."

ती वळली आणि रांगेतून परत आली. तिचा चेहरा रागानं लाल झाला होता आणि नजर अजून सेक्रेटरींवरच रोखलेली होती. मला तेव्हा कुठं कळलं की तिनं जाताना एकदाही पायाकडे बघितलं नव्हतं आणि येतानाही बघत नव्हती. ती माझ्या शेजारी येऊन बसली आणि पदर सारखा केला. मी तिला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर तिनं खाली बघितलं असतं.