गिळलेले तास

कर-सल्लागाराच्या त्या ऑफिसात तिला सगळे तक्तेताई म्हणायचे. बावीस वर्षांपूर्वी ती टायपिस्ट म्हणून आली होती. आता कर भरायची शेवटची तारीख जवळ आली की कोण कुठल्या दिवशी किती वाजेपर्यंत बसणार, हे तीच ठरवायची. साहेबांची सही तेवढी खाली असे.

तक्ता करायची तिची रीत साधी होती. गेल्या वर्षीचे तासांचे कागद काढायचे, एका फाइलला किती वेळ लागला ते पाहायचं, यंदाच्या फाइलींनी गुणायचं आणि तेवढे तास माणसांत वाटायचे. वाटताना मात्र तिचे काही हट्ट होते. आठवड्यात दोनच दिवस उशिरा बसायचं, तेही लागोपाठ नाही. रविवारी ऑफिसला कुलूप. जितके तास जादा, तितकी सुट्टी तारीख उलटल्यावर पदरात पडलीच पाहिजे.

हे हट्ट उगाच नव्हते. दोन वर्षांपूर्वी शेवटच्या तीन आठवड्यांत सगळे रोज बसले होते, रविवार धरून. त्यात एका हुशार मुलीने पेंगत पेंगत एकाची रक्कम दुसऱ्याच्या रिटर्नमध्ये टाकली, ओरडा खाल्ला आणि महिनाअखेर राजीनामा दिला. जाताना ताईच्या गळ्यात पडून म्हणाली, "मला काम आवडत होतं हो." ते वाक्य ताईच्या जिवाला लागलं ते लागलंच.

यंदा ती साहेबांशी भांडून तक्ता मंजूर करून आली होती. साहेब वाईट नव्हते, फक्त घाबरट होते. म्हणाले, "ठीक आहे, तुझ्या मनासारखं करू. पण गाडी अडली तर पुन्हा जुनीच पद्धत. सगळे रोज."

आणि दुसऱ्या आठवड्यातच गाडी अडली.

अडली ती काकांच्या टेबलावर. काका म्हणजे ऑफिसचे तपासनीस. कुणीही रिटर्न तयार करो, काकांच्या हिरव्या पेनाची खूण झाल्याशिवाय ते बाहेर जात नसे. वय चौसष्ट, शर्टाच्या बाह्या कायम मनगटापर्यंत, आणि चूक सापडली की चेहऱ्यावर जिलबी मिळाल्याचा आनंद. मुलं ठरल्याप्रमाणे रोज दहा फाइली तयार करून त्यांच्याकडे पाठवत होती. तक्त्याप्रमाणे काकांनी दहाही रोज हातावेगळ्या करायला हव्या होत्या. बुधवारी सकाळी ताईने मोजल्या, तर सोळा फाइली शिल्लक!

साहेबांनीही ढीग पाहिला. "शनिवारी दुपारपर्यंत काहीतरी मार्ग सांग," ते म्हणाले, "नाहीतर रविवारी सगळ्यांना बोलावतो."

ताईने तक्ता उलटापालटा करून पाहिला. गणित चोख होतं. काकांच्या कागदावर दर फाइलला चाळीस मिनिटं लिहिलेली, गेल्या वर्षीही आणि त्याच्या आधल्या वर्षीही. मग घोडं पेंड कुठे खातंय?

गुरुवारी ती मुद्दाम लवकर, साडेसहालाच ऑफिसात आली. दार उघडंच होतं. काका दिव्याखाली बसले होते, चष्म्यावर भिंग धरून, ओळीवर पट्टी ठेवून, एकेक आकडा पुटपुटत. शेजारी अर्धा खाल्लेला डबा.

"काका! किती वाजता आलात?"

"आत्ताच गं," काका म्हणाले, आणि भिंग ड्रॉवरमध्ये सारलं. लपवाछपवी त्यांना अजिबात जमत नसे.

ताई खुर्ची ओढून समोर बसली. "खरं सांगा."

"साडेपाचला." मग खाली मान घालून, "झोप येत नाही हल्ली."

"काका, एका फाइलला किती वेळ लागतो?"

"लिहिलंय की."

"लिहिलंय ते मला पाठ आहे. लागतो किती?"

काका बराच वेळ हिरव्या पेनाचं टोपण काढत-घालत राहिले. "सत्तर मिनिटं," शेवटी म्हणाले. "डोळे साथ देत नाहीत. पण तू सांग, सत्तर लिहिले की साहेब काय म्हणतील? म्हातारा संपला. मग घरी बसून मी करू काय? भिंती तपासू?"

ताईला हसू आलं आणि डोळेही भरले. चाळीस वर्षांत ज्याने कुणाची एक बेरीज चुकू दिली नाही, तो माणूस स्वतःच्या कागदावर रोज खोटा आकडा लिहीत होता, आणि त्याच आकड्यावर तिने सगळ्यांचे दिवस बेतले होते.

"मीही तास गिळलेत," ती म्हणाली. "माझी लेक लहान होती तेव्हा. घरी नेऊन केलेलं काम मी कधी लिहिलंच नाही. वाटायचं, लिहिलं तर म्हणतील हिला झेपत नाही."

"मग?"

"मग काय, पुढच्या वर्षी तेवढंच काम तेवढ्याच तासांत दिलं मला. माझ्याच हाताने लिहिलेल्या आकड्यांवरून. काका, खिडकीजवळ बसणारी ती नवी मुलगी आठ तास खपते आणि सहा लिहिते. मी तिला विचारलं, तर म्हणाली, काकांच्या चाळीस मिनिटांपुढे माझे आठ तास लिहायची लाज वाटते."

काकांचा चेहरा उतरला. "माझ्यामुळे?"

काकांनी त्या आठवड्याचा कागद समोर ओढला. सगळीकडचे चाळीस एकेक करून खोडले, वर सत्तर लिहिलं, येण्याच्या वेळाही खऱ्या घातल्या, आणि प्रत्येक दुरुस्तीपुढे नियमाप्रमाणे सही केली.

"मी देते साहेबांना," ताई म्हणाली.

"नको. माझी चूक आहे, मीच नेतो."

साहेबांनी कागद दोनदा वाचला. काका ताठ उभे होते, शाळेत छडी खायला उभं राहावं तसे. साहेब ताईकडे वळले, "मग आता?"

ताईने नवा तक्ता पुढे केला. तपासणीच्या पुढे पळून फाइली तयार करण्यात अर्थ नव्हता, नुसता ढीग वाढत होता. म्हणून ढीग उतरेपर्यंत मुलांचं उशिरा बसणं बंद. सोप्या फाइली दोन अनुभवी मुली आपापसांत बदलून तपासतील. किचकट तेवढ्या, रोज पाच, काकांकडे, त्याही नऊ वाजल्यानंतर. ज्या ग्राहकांनी कागदपत्रं मुदतीनंतर आणून दिली, त्यांना आजच कळवायचं, की तुमचं काम रांगेत शेवटी.

"आणि सगळ्यात गुंतागुंतीच्या?"

"त्या तुम्ही तपासायच्या, साहेब."

साहेबांनी डोकं खाजवलं. "मला येतं का अजून?"

"मी शिकवीन," काका म्हणाले, आणि तिघंही मनापासून हसले. घरी बसवण्याची गोष्ट कुणी काढलीच नाही.

शनिवारी दुपारी काकांच्या टेबलावर सात फाइली उरल्या. साहेबांनी स्वतः ऑफिसला कुलूप लावलं.

रविवारी सकाळी दहाला ताईचा फोन वाजला. काकांच्या बायकोचा. आवाज घाबरलेला.

"अगं, हे अजून उठले नाहीत. घोरतायत मस्त, पण ऑफिसला उशीर तर नाही ना होणार?"

"नाही हो काकू. आज रविवार, ऑफिसला कुलूप आहे. झोपू द्या त्यांना."

"उद्या तरी लवकर ना?"

"उद्याही नाही. नऊला यायचंय. या हंगामात पहाटे यायचंच नाही."

"म्हणजे मलाही चारला उठून डबा करायला नको?" काकूंनी हळूच विचारलं. "चार वर्षं झाली गं."

ताईने एवढे तास मोजले, खोडले, पुन्हा वाटले. काकूंचे हे तास तिच्या मनातही आले नव्हते.

"नको काकू," ती म्हणाली. "तुम्हीही झोपा."

"बरं," काकू म्हणाल्या, आणि फोन ठेवायचं विसरून तशाच पडायला गेल्या. ताईने ऐकलं, खाट करकरली, आणि मग नुसतं काकांचं घोरणं.