पाच सेकंदांत काय कळलं?

आमच्या कंपनीच्या अ‍ॅक्रन शहरातल्या मुख्य ऑफिसात विल्मा स्ट्राउडबाईंचं काम एकच: साहेबलोकांच्या स्लाइड माणसांच्या भाषेत आणायच्या. बाई साठीच्या, तोंडाने फटकळ. मी शेजारच्या टेबलावर आलेख काढायचो, त्यामुळे रोजची खडाजंगी मला फुकटात बघायला मिळे. स्लाइड लिहून झाली की बाई खाली जाऊन कंपनीबाहेरचं कुणीतरी गाठायच्या, पाच सेकंद लॅपटॉप दाखवायच्या, तो झाकून विचारायच्या, "काय कळलं?" समोरचा अडखळला तर चूक स्लाइडची. मग पुन्हा लिहायचं.

गेल्या मार्चमध्ये आमच्याच राज्यातल्या लिमा गावचा कंपनीचा कारखाना बंद करायचं ठरलं. कामगारांसाठीची स्लाइड उपाध्यक्ष ब्रेंट कॅल्डरने स्वतः लिहिली: "पुनर्रचनेने प्रभावित सहकाऱ्यांनी लाभ-सातत्याचे पर्याय विहित कालमर्यादेत कार्यान्वित करावेत."

"म्हणजे फॉर्म दिला नाही तर आरोग्य विमा बंद," बाई म्हणाल्या. "आणि तारीख कुठाय?"

"नवव्या स्लाइडच्या तळटीपेत. थेट लिहिलं तर लोक बिथरतील, विल्माबाई. हात लावू नका."

"बिथरू देत की! मुदत उलटल्यावर दवाखान्याच्या खिडकीवर कळण्यापेक्षा बरं."

बाईंनी विमा विभागाला फोन करून तारीख पक्की केली, स्वतःची स्लाइड लिहिली आणि ब्रेंटला ओढत खाली नेलं. पाण्याचे जार पोचवणारा डेस्मंड तिथे होता. आधी त्याला ब्रेंटची स्लाइड दाखवली, झाकली.

"कुणाला बढती मिळाली का?" डेस्मंड म्हणाला. "अभिनंदन हं!"

मग बाईंची: "तुमची नोकरी ३१ मे रोजी संपते. त्यानंतर सहा महिने विमा हवा असेल, तर १८ एप्रिलपर्यंत फॉर्म द्या."

डेस्मंडचा चेहरा उतरला. "अरेरे. पण फॉर्म मिळतो कुठे?"

बाईंनी तिथेच उभ्याउभ्या तिसरी ओळ लिहिली: "फॉर्म दाराजवळच्या टेबलावर आहे."

"तरीही माझीच स्लाइड लागेल," ब्रेंट म्हणाला.

लिमाच्या सभेत लॅपटॉप बाईंच्या हातात होता. त्यांनी स्वतःची लावली. ब्रेंट घसा खाकरतोय तोवर लोक उठून टेबलाकडे निघाले होते. कुणी रडत होतं, कुणी शिव्या देत होतं, पण फॉर्म प्रत्येकाच्या हातात होता.

"थांबा, मी अजून बोललोच नाही!"

"बोल की," बाई म्हणाल्या. "त्यांचं वाचून झालंय."

मला त्या दिवशी बाईंचा फार अभिमान वाटला. १८ एप्रिलला एकाही कामगाराचा फॉर्म यायचा राहिला नव्हता.

बाईंना मात्र ताकीद मिळाली, दोन पानांची, "संवाद-प्रक्रियेतील समन्वयात्मक विसंगती" वगैरे. त्यांनी ती सवयीने एका ओळीत आणली: "विल्माने साहेबाचं ऐकलं नाही." खाली स्वतःची एक ओळ वाढवली, "पुढेही ऐकणार नाही," आणि सही करून ब्रेंटच्या टेबलावर ठेवली.