तुला उगाच वाटतं

गाडी शिकवायच्या शाळेत तिला सगळे ब्रेकबाई म्हणत. शिकाऊ माणसाशेजारी बसायचं, पायाशी असलेल्या जादा ब्रेकवर पाऊल तयार ठेवायचं आणि तोंडाने मात्र "छान, असंच चालू द्या" म्हणत राहायचं, हा तिचा धंदा. कसल्याही शिकाऊ माणसाशेजारी न डगमगता बसणारी बाई, पण घरी नवऱ्याला यायला जरा उशीर झाला की तिच्या छातीत धडधडायचं. मग फोनवर फोन. कुठे आहेस, कोणासोबत आहेस, आवाज का असा येतोय?

नवरा छापखान्यात होता. तो वैतागून म्हणायचा, "तुला उगाच वाटतं गं. डोकं दाखव कुणाला तरी."

"चुकलं माझं," म्हणून ब्रेकबाई समुपदेशक बाईंकडे गेली. दवाखान्याच्या मागच्या बाजूला दोन खुर्च्यांची छोटी खोली होती. बाई घाईने निदान करणाऱ्यांतल्या नव्हत्या. धडधड कधी होते, त्याआधी काय घडतं, मग तुम्ही काय करता, त्याने पुढे काय होतं, असं एकेक उलगडत त्यांनी विचारलं. लहानपणाचंही विचारलं. तेव्हा निघालं, की ती शाळेत असताना वडील एके दिवशी "संध्याकाळी येतो" म्हणून गेले ते परत आलेच नाहीत.

मग बाईंनी भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यावर चौकटी काढल्या आणि त्या बाणांनी जोडल्या. वडील परत आलेच नाहीत, म्हणून जवळचं माणूस सोडून जाणार ही धास्ती मनात बसली. नवऱ्याला उशीर झाला की ती धास्ती जागी होते. मग फोन, फोनने घटकाभर बरं वाटतं, पण नवरा चिडून लांब जातो आणि धास्तीला आणखी खतपाणी मिळतं.

"हा कच्चा आराखडा आहे," बाई म्हणाल्या. "तुम्हाला पटतो का? कुठे चुकत असेल तर पुसू."

"पुसायचं काय त्यात? माझीच कुंडली मांडलीत तुम्ही," ब्रेकबाई म्हणाली आणि घळाघळा रडली.

ठरलं असं, की उशीर झाला तरी काही दिवस फोन करायचा नाही, आणि काय होतं ते बघायचं. पहिल्यांदा जीव नुसता कासावीस झाला. पण धडधड वाढली तशी उतरलीही. नवरा खूश. ती स्वयंपाक करताना गुणगुणायला लागली.

तिचं गुणगुणणं नणंदेला मात्र सोसेना. एका दुपारी ती आली, पाण्याचा पेला हातात धरून बसली, आणि म्हणाली, "वहिनी, तू दादाला फोन करणं बंद केलंस ना?"

"केलं. बरी झाले मी."

"तू बरी होऊ नकोस गं अशी!" नणंदेचा आवाज फाटला. "दादाचं दुसरीकडे आहे. छापखान्यातलीच आहे ती. आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. आईलाही."

ब्रेकबाईने गॅस बंद केला, हात पुसले. "कधीपासून?"

"तू शंका घ्यायला लागलीस त्याच्या आधीपासून."

दुसऱ्या दिवशी ती समुपदेशक बाईंसमोर जाऊन उभी राहिली. बसलीच नाही. "मला वाटत होतं ते खरं होतं! आणि तुम्ही ते माझ्या बापाच्या नावावर टाकलंत. घरच्यांनी केसाने गळा कापला, आणि सुरी तुम्ही धार लावून दिलीत."

बाईंनी सबब सांगितली नाही. "चुकलं माझं. तो खरंच काही लपवत असेल का, हे मी तुमच्याबरोबर तपासायला हवं होतं. ते न तपासताच सगळं तुमच्या मनात ढकललं. आता तुमचा राग त्या फळ्यावर आधी यायला हवा."

बऱ्याच वेळाने ब्रेकबाई बसली. बाईंनी विचारलं, "वडील गेले तेव्हा घरात तुम्हाला काय सांगितलं?"

"आई म्हणाली, कामावर गेलेत. मी म्हटलं, त्यांचे कपडे कपाटात नाहीत. तर म्हणाली…" ती थांबली. "म्हणाली, तुला उगाच वाटतं."

बाईंनी डस्टर उचललं. मग फळा पुन्हा लिहिला गेला. निम्म्या चौकटी पुसल्या. सोडून जाण्याची धास्ती राहिली, पण मधोमध आलं ते वेगळंच. डोळ्यांना दिसतं ते कुणी "उगाच" म्हटलं की ती स्वतःलाच खोटं ठरवते, माफी मागते, भांडण टळतं. आणि म्हणूनच पुढच्या वेळी आणखी लवकर माफी मागते. फोनसुद्धा खरं काय ते विचारण्यासाठी नव्हते, "सगळं ठीक आहे" ऐकून गप्प बसण्यासाठी होते. "हाही आराखडा कच्चाच," बाई म्हणाल्या. "या वेळी पारखून घ्या."

तिने त्याच संध्याकाळी पारखला. नवऱ्याला सरळ विचारलं. तो हसला. "झालं पुन्हा सुरू? तुला उगाच—"

तिच्या घशाशी "चुकलं माझं" आलंच होतं. तिला ते येताना स्पष्ट कळलं, आणि ती ते गिळून म्हणाली, "तुझ्या बहिणीने सांगितलंय."

त्याचा चेहरा उतरला. मग आरडाओरडा, मग रडणं, मग "तूच मला या थराला आणलंस." ती ऐकत राहिली, पण माफी मागितली नाही.

तो गेला. सासूबाई तिच्याकडे फिरकल्या नाहीत. नणंद अजून दाराशी येते. ब्रेकबाई तिला आत घेते, पाणी देते, पण अजून तिच्याशी मोकळं बोलवत नाही. खरं सांगणारी तीच होती, आणि इतके दिवस गप्प बसणारीही तीच.