वेणूबाईंची उभी रेघ

माझी मुलगी मनस्वी 'ग'ची उभी रेघ वाकडी काढत होती आणि मी तिच्यावर खेकसलो, इथून हे सगळं सुरू झालं. दिवाळीची सुट्टी लागलेली, रोडपालीतल्या आमच्या घरी डायनिंग टेबलावर तिचा बालवाडीचा सरावाचा कागद. एकाही 'ग'ची रेघ सरळ उतरत नव्हती. मधेच डावीकडे कलायची, सावरायची, मग खाली यायची. "सरळ काढ ना गं, घाई कसली तुला?" मी म्हटलं. तिने कागदाच्या वरच्या कोपऱ्यात बोट ठेवलं. "बाबा, बाईंनी असाच काढलाय." पोरीचं खरं होतं. नमुन्याच्या 'ग'ची रेघ तशीच थरथरत खाली आली होती.

हे कागद वेणूबाई हाताने काढतात. त्या करंजा गावच्या कोळ्यांची मुलगी, लग्न होऊन पनवेलच्या कोळीवाड्यात आल्या आणि जवळच्या बालवाडीत शिकवायला लागल्या. मीही त्यांच्याच हाताखालून गेलो. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी बालवाडीत अजून त्यांच्याच कागदांच्या झेरॉक्स वाटतात. पहिल्या सत्रात नुसत्या रेघा, आडव्या, उभ्या, तिरप्या, मग अर्धगोल. दिवाळीच्या आसपास अक्षरं, तीही 'अ'पासून नाही, ग, म, भ, न या क्रमाने, कारण ती हाताला सोपी. वर मोठा नमुना, त्यावर आकडे घातलेले बाण. पहिल्यांदा कुठून निघायचं, दुसऱ्यांदा कुठून. खाली ठिपक्यांची अक्षरं गिरवायला, त्याखाली नुसता सुरुवातीचा ठिपका, आणि शेवटी मोकळ्या दोन रेघा. आता तुझं तू.

आमच्या वेळी झेरॉक्स नव्हती, बाई पाटीवर काढून द्यायच्या. आळीतली काही पोरं इंग्रजी शाळेतून यायची, ती प्रत्येक अक्षर खालच्या रेघेवर बसवायची. बाईंचा पारा चढायचा. "बसवू नको, टांग! वरची रेघ म्हणजे वलण हाय, त्याला कपडे टांगतात ना, तसं." मग कोणी उत्साहाने आधी वलणच बांधायला घ्यायचा, म्हणजे डोक्यावरची रेघ आधी मारायचा. त्यालाही ओरडा. रेघ शेवटी, सगळा शब्द झाल्यावर, डावीकडून उजवीकडे एका दमात. दोन शब्दांमध्ये एक बोट ठेवायला लावायच्या, आणि माझं बोट जाडं म्हणून माझे शब्द एकमेकांपासून रुसल्यासारखे लांब दिसायचे. ते दिवस आठवले की अजून बरं वाटतं. तेव्हा जगातलं सगळ्यात अवघड काम म्हणजे 'भ'ची गाठ होती.

मनस्वीचा कागद घेऊन मी कोळीवाड्यात गेलो. खरं तर हाताची थरथर दाखवायला बाईंना डॉक्टरकडे नेतो म्हणून सांगायचं होतं. त्या ओट्यावर सुकट निवडत होत्या. कागद हातात घेतला, चष्मा वर सरकवला, आणि एकेका 'ग'वरून नजर फिरवली. मग आत जाऊन आपली मूळ प्रत आणली आणि दोन्ही शेजारी ठेवली.

"डॉक्टर करून झाले," माझ्या मनातलं ओळखून त्या म्हणाल्या. "गोळ्या हायत. हात सरळ नाय होनार आता, कमी होईल म्हनला." मनस्वीच्या कागदावरून बोट फिरवत राहिल्या. "पोरीनं काय चूक केली नाय रं. जसं दिलं तसं काढलं. वर्गातल्या सगल्यांनी असंच काढलं असंल."

मी म्हटलं, बाई, मी कॉम्प्युटरवर काढून देतो. जासईच्या कंटेनर यार्डात माझं दिवसभर तेच काम, गेटपास टाइप करायचे. बाईंनी मान हलवली. "छापलेलं अक्षर कुठून चालू झालं ते दिसत नाय. पोरगं भलतीकडूनच सुरू करतं." सुट्टी संपली की 'म', 'भ', 'न'चे कागद द्यायचे होते. बालवाडीच्या पद्मजा मॅडमनी तयार छापील संचाचा नमुना आणून ठेवलाच होता, पण बाई देतायत तोवर नको म्हणून थांबल्या होत्या. "आता घेऊ दे त्यांना," बाई म्हणाल्या. "माजं काम संपलं." असं बोलून त्यांनी सुकटाचं ताट पुढे ओढलं, पण निवडत काहीच नव्हत्या. हे कागद गेले तर बाईंकडे दिवसभर करण्यासारखं काय उरणार, हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं.

म्हणून मी म्हटलं, "मी काढतो. हाताने."

"तू?" त्या हसल्या. "सही सोडून काय लिवतोस का कधी? काढ, बघू."

मी 'म' काढला. आधी डोक्यावरची रेघ सफाईने ओढली, मग खाली अक्षर. झालं! त्रेचाळीस वर्षांच्या माणसाला एवढ्या शिव्या घरीसुद्धा बसत नाहीत. "आधी बांधतोस काय, वलण? खाली ये, गाठ मार, आडवा जा. हात उचल. आता उभी रेघ, वरून खाली. मग डोकं." दुसरा 'म' बारीक झाला, ऑफिसातल्या पेनाची सवय. "मुंगीला शिकवनार हायस का? बालाला मोठं लागतं, त्याची बोटं अजून वलत नाय." तिसरा मोठा झाला तर पुढच्याला चिकटला.

सुट्टीभर मी रोज यार्डातून सुटलो की कोळीवाड्यात. बाई पट्टीने दुरेघा आखून ठेवायच्या. त्या आखलेल्या रेघा हलायच्या नाहीत, पट्टीचा आधार असायचा ना. मी ठिपके गिरवायचो, मग नुसत्या ठिपक्यावरून, मग मोकळ्या रेघांत. बायको म्हणाली, मनस्वीचा अभ्यास कोण घेणार, तुमचाच चाललाय की. मला मात्र तिथे बसलं की शर्टाला रुमाल टाचलेला वाटायचा. बाई शेजारी बसून बोलत राहायच्या, "उचल. थांब. आता खाली," आणि माझा हात त्या बोलण्यावर चालायचा.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी 'म'चा कागद पुरा झाला. नमुना, बाण, ठिपके, सगळं. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या रोशनीने तो बालवाडीत नेऊन दिला. संध्याकाळी आम्ही 'भ' घेऊन बसलो होतो तेव्हा बाईंचा फोन वाजला. हातात धरला की हलतो म्हणून त्यांनी तो टेबलावर ठेवून स्पीकर लावला. पद्मजा मॅडम होत्या.

"बाई, कागद मिळाला! कित्ती छान! हात बरा झाला वाटतं तुमचा? अगदी पहिल्यासारखं, तुमचंच अक्षर!"

मी कागदाकडे पाहिलं. खरंच, तो 'म' माझा नव्हता. त्याच्या गाठीचा गोल, रेघेचा शेवट, सगळं बाईंचं. मी ते कधी ठरवून काढलं नव्हतं.

बाईंनी माझ्या उजव्या मनगटावर आपला हात ठेवला. तो थरथरत होता, माझ्या हातावर येऊनही थांबला नाही.

"होय मॅडम," त्या म्हणाल्या. "बरा झालाय."

फोन बंद झाला तरी त्यांनी हात काढला नाही. मीच शेवटी उठून मोरीत गेलो आणि उगाच नळ सोडून तोंड धूत राहिलो.

"अरे, किती पानी घालवतोस?" बाहेरून हाक आली. "ये लवकर, 'भ' अर्धाच राहिलाय."