ताप न आलेला सोमवार

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. त्यामुळे डॉक्टरकीच्या इंटर्नशिपच्या वर्षी माझ्यावर देखरेख करणाऱ्या डॉक्टर मॅडमनी आमच्या कारखान्याच्या टाउनशिपमधल्या हॉस्पिटलातल्या एका रुग्णावर केस रिपोर्ट लिहायला सांगितला, तेव्हा तो कसा लिहितात हे विचारायचीही मला लाज वाटली. वैद्यकीय मासिकांचे जुने अंक चाळून मी साचा शिकले: आधी रुग्णाची तक्रार, मग तपासण्या, घटनाक्रमाचा तक्ता, शेवटी चर्चा.

रुग्ण कारखान्यातले वेल्डर होते. मूळचे नागपूरकडचे, आमच्या मागच्या ओळीतल्या क्वार्टरमध्ये राहायचे, म्हणून मी त्यांना काका म्हणायची. त्यांना वारंवार थंडी वाजून ताप यायचा आणि दुसऱ्या दिवशी उतरायचा. दर वेळी मलेरियाची तपासणी व्हायची आणि काही निघायचं नाही. पांढऱ्या पेशी तेवढ्या वाढलेल्या, छातीचा एक्स-रे स्वच्छ.

मी तक्ता केला. मॅडमनी तो एका नजरेत बाजूला ठेवला. मी ओपीडी कार्डावरच्या तारखा उतरवल्या होत्या.

"हे ते आपल्याकडे कधी आले त्याचं वेळापत्रक आहे," त्या म्हणाल्या. "ताप कधी आला? त्याआधी ते कुठे होते?"

मी काकांकडे पुन्हा गेले. त्यांच्या खिशात रोजचं काम आणि ओव्हरटाइम लिहायची छोटी डायरी असायची. तिच्यावरून तारखा लावत बसलो. कार्डावर बहुतेक वेळा मंगळवार होता. ताप मात्र सोमवारी संध्याकाळी चढायचा, काम सुरू झाल्यावर सहा-आठ तासांनी. त्याआधी तोंडाला धातूची चव यायची. ही गोष्ट कुणी विचारलीच नव्हती.

मॅडमना लगेच उमगलं. जस्त चढवलेले पाइप जोडताना निघणाऱ्या धुराचा हा ताप. रोज धूर घेतला की शरीराला थोडी सवय होते. रविवारच्या सुट्टीत ती मोडते आणि सोमवारी ताप येतो. मी नवा तक्ता केला, जवाहर चौकातून छापून आणला आणि संमतीपत्रासह काकांपुढे ठेवला. नाव नाही, गाव नाही, कारखाना नाही, हे तीनदा सांगितलं.

काकांनी रकान्यांवरून बोट फिरवलं. सुट्टी, ताप. सुट्टी, ताप. सुट्टी, ताप.

"आमचा फोरमन हेच तर म्हणते, बेटा," ते म्हणाले. "सुट्टी संपली का तुला ताप. तो तोंडानं बोलते, तू चौकटी आखून देऊन राहिली."

सही झाली नाही. त्यांना आधीच एकदा लेखी समज मिळाली होती, हे मला तेव्हा कळलं. मी ज्याला निष्कर्ष म्हणत होते, तो त्यांच्यासाठी कामचोरीचा पुरावा होता. दोन दिवस मला ओपीडीत बसवेना. चर्चेचा भाग उघडायची आणि मिटायची. चुकीचं काहीच लिहिलं नव्हतं, हेच जास्त टोचत होतं.

तिसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले ती माफी मागायला. काका रागातच होते. सुट्टीमुळेच ताप येतो, तर दिवाळीची चार दिवसांची सुट्टी संपवून सोमवारी कामावर गेलो तेव्हा काऊन नाही आला, असं त्यांनी मलाच विचारलं.

"त्या आठवड्यात काय जोडत होता, काका?"

त्यांनी डायरी उलटली. साधं काळं लोखंड. आठवडाभर तेच.

तो सोमवार हॉस्पिटलच्या कुठल्याच कागदावर नव्हता. ताप आला नाही, म्हणून ते आले नाहीत. मी तक्त्यात 'काय जोडलं' हा रकाना वाढवला आणि ती ओळ घातली: सुट्टी चार दिवस, साधं लोखंड, ताप नाही. आता सुट्टी प्रत्येक ओळीत होती. ताप फक्त जस्ताच्या ओळींत.

चर्चेत मी 'यावरून सिद्ध होते' असं लिहिलं होतं. मॅडमनी ते खोडून 'याच्याशी सुसंगत आहे' केलं. रुग्ण एकच, हवेतला धूर मोजलेला नाही, कामाची नोंद रुग्णाच्याच डायरीतली. हे तिन्ही मर्यादांमध्ये लिहायला लावलं. मला वाटलं, आपण काकांची बाजू कमकुवत करतोय. त्या म्हणाल्या, एवढं कबूल केलं तरच उरलेलं कुणी मानेल.

काकांनी नवी ओळ दोनदा वाचली आणि सही केली. मग त्या पानाची एक प्रत मागितली. ते तर त्यांचंच होतं, मी दिली. मॅडमनी धूर टाळण्याची चिठ्ठी वेगळी लिहून दिली.

पुढच्या सोमवारी मी ओपीडीच्या रांगेत त्यांना शोधत होते. मंगळवारीही ते दिसले नाहीत. ताप आला नाही, की येऊनही अंगावर काढताहेत? लेख पाकिटात घालून तयार होता, पण मी पोस्टात टाकला नाही.

बुधवारी पाळी सुटल्यावर ते सायकलवरूनच हॉस्पिटलच्या फाटकाशी थांबले. धूर ओढणारा पंखा कामाजवळ आणून ठेवलाय, म्हणाले. ताप नाही.

"फोरमन काय म्हणाले?"

"काही नाही."

"काहीच नाही?"

"नाही. तुझ्या तक्त्याचा कागद मात्र वापस नाही देल्ला त्यानं."