आईचा फोन आणि माझी परवानगी

आईला फोनवरून पैसे द्यायला शिकवायचं ठरलं तेव्हा तिचं म्हणणं एकच होतं. "कुणाला मागायचं न्हाय, एवढं कर." वडील शाळामास्तर. ते असेपर्यंत दळणाचे पैसेसुद्धा तिनं त्यांच्याकडून मागून घेतले. ते गेल्यावर पेन्शन तिच्या नावावर यायला लागली, पण बँक तुळजापुरात. मग आमच्या अणदूरहून कुणी तिकडं निघालं की त्याच्या हातापाया पडायचं, नाहीतर मी धाराशिवहून शनिवारी जाईन तेव्हा माझ्याकडं मागायचं.

मी धाराशिवच्या कोर्टात कारकून आहे. दिवसभर फसवल्या गेलेल्या माणसांची कागदपत्रं हाताखालून जातात, त्यामुळं माझा स्वभाव संशयी झालाय. शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाच्या वडिलांना कुणीतरी "तुम्हाला पैसे पाठवतोय, पिन टाका" म्हणालं आणि त्यांनी तो टाकला. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, तो फक्त द्यायला आणि शिल्लक बघायला लागतो, ही गोष्ट त्या बिचाऱ्यांना कुणी सांगितलीच नव्हती. ते ऐकल्यापासून आईचं पेन्शन खातं फोनला जोडायचं म्हटलं की मी विषयच बदलायचो.

ॲप निवडायला मी तीन रविवार घातले. पहिलं ॲप उघडलं की कर्ज, सोनं आणि बक्षिसाचं खरवडायचं कार्ड समोर. आई खरवडतच बसली. दुसरं बँकेचं होतं, पण त्याच्या पडद्यावरची अक्षरं मुंगीएवढी. शेवटी एक साधं सरकारी ॲप घेतलं. त्यात भाषा मराठी करता आली, बटणं थोडी होती आणि मध्येच नाचणारं काही नव्हतं. कुलूप आधी बोटाच्या ठशाचं ठेवलं, पण जन्मभर भांडी घासून आणि शेंगा फोडून तिच्या बोटांच्या रेषाच राहिल्या नव्हत्या. फोन तिला ओळखेना. मग ठिपके जोडायचं कुलूप लावलं.

इथवर ठीक होतं. पुढची अक्कल माझी. त्या ॲपमध्ये 'सर्कल' नावाची सोय आहे. खातं माझं, पण कोड स्कॅन करून पैसे आई देणार, आणि प्रत्येक वेळी मंजुरीची सूचना माझ्या फोनवर येणार. मी माझा पिन टाकला तरच पैसे जाणार. महिन्याची मर्यादा ठरवून देऊन तिला मोकळंही सोडता येत होतं, पण मी मुद्दाम मंजुरीचाच पर्याय घेतला. तिला पिनच नाही, तर कोण काय काढून घेणार? मी स्वतःवर जाम खूश झालो.

आई एवढंच म्हणाली, "म्हंजी तुलाच विचारायचं की."

"विचारायचं कुठंय? आपोआप येतं माझ्याकडं."

"व्हय व्हय," ती म्हणाली आणि चष्मा काढून पुसत बसली.

पहिल्या आठवड्यातच आम्ही दोघंही अडकलो. तिनं मेथीची जुडी घेतली तरी माझा खिसा थरथरायचा. मी जेवताना मंजुरी दिली, अंघोळ अर्धी टाकून दिली. तिकडं ती दुकानदारापुढं उभी राहून "पोरगं देतंय आता" म्हणायची. दुकानदार मागच्या गिऱ्हाइकाकडं वळायचा. मला सगळं कळत होतं, पण मी ते सुरक्षिततेच्या खात्यात टाकत होतो.

मग बहिणीला सातवा महिना लागला. आमच्याकडं सातव्यात माहेरच्या हिरव्या बांगड्या भरतात. बहिणीला घेऊन तिची सासूही अणदूरला आली होती. आई दोघींना घेऊन बांगड्यांच्या दुकानात गेली. मुद्दाम रोख न घेता, नुसता फोन घेऊन. विहिणीसमोर आपण फोननं पैसे देतो हे दाखवायचं होतं तिला. त्यात काय चुकलं? मीच तर शिकवलं होतं.

कासारमामांनी दोन्ही हात भरून बांगड्या चढवल्या. आईनं कोड स्कॅन केला, रक्कम टाकली, पाठवलं. मी त्या वेळी साहेबांसमोर कोर्टहॉलमध्ये होतो, फोन बंद करून टेबलाच्या खणात.

थोड्या मिनिटांत मंजुरी मिळाली नाही की ती मागणी बाद होते. आईनं पुन्हा पाठवली. पुन्हा बाद. तिसऱ्यांदा. मला फोन लावला तर बंद. मामा म्हणाले, "आक्का, न्हाय तर ऱ्हाऊ द्या, मागनं द्या." पण गरोदर लेकीच्या बांगड्या उधारीवर भरायच्या, हे आईच्या जिभेवर येईना. उतरवून ठेवाव्या, तर सातव्या महिन्यात भरल्या हातातल्या हिरव्या बांगड्या उतरवतात का कुणी? बहिणीनं स्वतःची पर्स उघडली तर आईनं तिचा हात धरला. लेकीनं स्वतःच पैसे दिले तर त्या माहेरच्या कशा?

अखेर विहीणबाईंनीच नोटा पुढं केल्या. चांगल्या मनानं म्हणाल्या, "राहू द्या हो, मी देते. एकच तर आहे सगळं."

संध्याकाळी मी खणातून फोन काढला तेव्हा त्यावर बाद झालेल्या तीन सूचना होत्या. त्या वाचताना मला लाज वाटली, आणि लाज वाटली की मी चिडतो तसा चिडलोही. फोन लावून म्हणालो, "थोडे पैसे जवळ ठेवायचे ना!"

तिनं माझं बोलणं संपू दिलं. मग म्हणाली, "तुझे वडील निदान घरात तरी असायचे. हात पुढं केला की द्यायचे. तू तर लई लांब बसलास बाबा."

मला रात्रभर ते वाक्य टोचत राहिलं. मी तिला चोरांपासून वाचवायला निघालो होतो आणि तिच्या दाराला बाहेरून कडी घालून बसलो होतो.

पुढच्या आठवड्यात रजा टाकली. गावातल्याच बँकेत तिच्या नावानं, तिच्या नंबरावर दुसरं खातं काढलं. पेन्शनचं खातं फोनला जोडलंच नाही. महिन्याला तिथून थोडी रक्कम या खात्यात वळवायची, म्हणजे काही गेलंच तर तेवढंच जाईल. सर्कल काढून टाकलं. ठिपक्यांचं कुलूप ठेवलं, पैसे गेले की मेसेज यावा हे पाहिलं, आणि तिनं कुणाच्या तरी सांगण्यावरून घेतलेलं, पडदा दुसऱ्याला दाखवणारं एक ॲप उडवलं. एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं: पैसे घ्यायला पिन नाही. आधी नाव वाच, मग पिन. पिन कुणालाही सांगायचा नाही, दाखवायचा नाही.

नव्या खात्याचं एटीएम कार्ड आल्यावर त्याचे शेवटचे सहा आकडे आणि मुदत मीच टाकून दिली. ओटीपी तिनं वाचून दाखवला, तोही टाकला. मग पिन ठरवायची चौकट आली. मी सवयीनं फोन हातात धरून म्हटलं, "सांग, कुठला ठेवायचा?"

तिनं फोन माझ्या हातातून काढून घेतला. पुठ्ठ्यावरच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"कुणालाही म्हंजी तुलाबी," ती म्हणाली. "तिकडं तोंड कर."

मी भिंतीकडं तोंड केलं. मागं टकटक ऐकू येत होती, हळू, मोजून. मग तिनं एक नाव मोठ्यानं वाचलं. विहीणबाईंचं. पुन्हा टकटक.

मिनिटभरात तिचा फोन वाजला. "अहो विहीणबाई, हे कसले पैसे?" पलीकडून आवाज आला.

"बांगड्यांचे," आई म्हणाली. "माहेरच्या हायत त्या."

माझा फोन खिशात गप्प होता. वळू का, हे मी तिला विचारलं.