एक ते दीडची पाळी

जेवणाच्या सुट्टीवरून माणसं भांडतात हे मला कॉल सेंटरला लागेपर्यंत खरं वाटलं नसतं. पगारावरून भांडतील, रजेवरून भांडतील. पण 'मला साडेबाराला नको, एकला द्या' यावरून दोन चांगल्या घरच्या मुली आठवडाभर एकमेकींशी बोलत नाहीत, हे मी स्वतः पाहिलं आहे. आणि त्या भांडणाचं मूळ मी होतो, कारण पाळ्यांचा तक्ता मी लावायचो.

आमचं सेंटर सांगलीत, कुपवाडच्या रस्त्याला, एका हार्डवेअरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. मिक्सर, फ्रीज, वॉशिंग मशीन विकणाऱ्या एका कंपनीच्या मराठी तक्रारी आम्ही घ्यायचो. मी पुण्यात अशाच कामात सहा वर्षं काढून आलो होतो, त्यामुळे मला सगळं कळतं असा माझा समज होता. साताऱ्याकडचा माणूस, आवाज चढा, आणि चुकलो तर कबूल करायची सवय नाही. ही शेवटची गोष्ट आधीच सांगून ठेवतो.

आमच्या धंद्यात दुपार ही खरी परीक्षा. बायका सकाळची कामं आवरून, जेवून, बारा-साडेबाराला फोन हातात घेतात. म्हणजे लोकांचं जेवण झालं की आमचा फोन वाजतो, आणि नेमकी तेव्हाच आमच्या मुलांनाही भूक लागते. सगळ्यांना एकदम जेवायला सोडलं तर फोन घेणार कोण? म्हणून अर्ध्या अर्ध्या तासाच्या पाळ्या: बारा, साडेबारा, एक, दीड, दोन. एका वेळी तिघांनीच उठायचं, आणि आधीचे तिघं परत येऊन लॉगिन झाल्याशिवाय पुढच्यांनी जागा सोडायची नाही. तीन माणसं कमी असली तर लाइनवर थांबणारे थोडे वाढतात आणि ओसरतात. सहा कमी झाली तर ओसरतच नाहीत, कारण मिनिटाला जितके फोन येतात तितके उचललेच जात नाहीत. त्यात वैतागून फोन ठेवलेला माणूस दोन मिनिटांनी पुन्हा लावतो. रांगेत आणखी एक.

हे मुलांना पटवणं कठीण होतं. आपल्याकडे माणूस एकटा जेवत नाही. डबे मधे ठेवायचे, हिची चटणी तिला, तिचं भरीत हिला. माझ्या तक्त्याने ते कोंडाळं मोडलं, म्हणून ती आपसात पाळ्या बदलायची, मला न सांगता. मग मी ओरडायचो.

त्या वर्षी गणपती बसले आणि दुसऱ्या दिवशी एक मुलगी माझ्या टेबलापाशी आली. जैन घरातली, वडिलांची शेती, कामाला एक नंबर; चिडलेलं गिऱ्हाईक मी मुद्दाम तिच्याकडे वळवायचो. पर्युषण सुरू होतंय, दहा दिवस एकाशन धरायचंय, म्हणाली. दिवसातून एकदाच जेवायचं एवढं मला माहीत होतं. तिचं मागणं साधं होतं.

"पाळी कुठलीबी द्या सर. फकस्त मधनं उठवू नका."

मी तिला एक ते दीड दिली. कॅन्टीनमध्ये गर्दी नको म्हणून जुने कॉम्प्युटर ठेवायच्या खोलीत बसायला परवानगीही दिली, आणि स्वतःवर खूश झालो. 'मधनं उठवू नका' असं तर सगळेच म्हणतात. जेवताना उठायला कुणाला आवडतं? मी एवढाच अर्थ घेतला, आणि तिनं पुढं काही सांगितलं नाही.

चौथ्या दिवशी गौरीजेवण आलं. आमच्या बावीस खुर्च्यांपैकी चौदा भरल्या होत्या. बाकीच्यांच्या घरी गौरी. माझ्याही घरी साताऱ्याला होत्या आणि मी इथं, त्यामुळे सकाळपासून माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. त्यात गौरीजेवण म्हणजे पुरण, आणि पुरण म्हणजे मिक्सर. वर्षभर कसाबसा चाललेला मिक्सर नेमका त्या दिवशी जळतो, आणि पाटावरवंटा तर आता कुणाच्या घरात राहिलेला नाही. साडेअकरापासूनच फोन कोसळू लागले.

भिंतीवरच्या टीव्हीवर थांबलेल्यांचा आकडा असायचा. पाचपर्यंत हिरवा, पुढे पिवळा, दहानंतर लाल. बाराची पाळी नैवेद्याच्या पोळ्या वाटत बसली आणि दहा मिनिटं उशिरा आली. साडेबाराचे त्यामुळे उशिरा गेले. त्यांनी परत यायच्या आधीच एकच्या तिघी घड्याळाकडे बघून उठल्या, आणि मी पुण्याच्या मुख्य ऑफिसशी फोनवर असल्याने मला ते दिसलं नाही. एक वाजता सहा खुर्च्या रिकाम्या होत्या. एक वाजून दहा मिनिटांनी आकडा सतरा होता, आणि सगळ्यात आधीपासून थांबलेला माणूस चार मिनिटं संगीत ऐकत होता.

पुण्याच्या ऑफिसातल्या बाई आमचा हा आकडा तिथे बसून बघायच्या. त्या ओरडत नसत, हळू बोलत. ते जास्त वाईट. दुपारी असेच फोन तुटले तर दुपारचं काम पुण्यात हलवू, हे त्या महिनाभर सांगत होत्या. आता त्यांनी एवढंच विचारलं की ब्रेकवर सहाजण कसे. 

मी धावत गेलो. कॅन्टीनमधले पाचही जण उठवले. मग त्या जुन्या खोलीचं दार ढकललं. ती चटईवर बसली होती, डबा नुकताच उघडला होता. पाच मिनिटं ये, मग परत येऊन जेव, असं मी म्हणालो. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग डब्याकडे. काही बोलेल असं वाटलं. पण मी दारातच उभा होतो, हातात फोन, फोनवर पुणं. तिनं डबा झाकला, हात धुतला आणि जागेवर जाऊन हेडफोन चढवला.

दीड वाजता आकडा चारवर आला. मी तिच्याजवळ जाऊन मोठ्या मनानं म्हणालो, जा आता, निवांत जेव, अर्ध्या तासापेक्षा वीस मिनिटं जास्त घे. ती म्हणाली, नको सर, झालं. मला वाटलं, रुसली. मनात म्हटलं, रुसू दे, इथं रोज कुणीतरी रुसतंच.

चारच्या सुमारास मी नेहमीसारखे मुलांचे चालू फोन मधेच ऐकत होतो. तिचा आवाज कानावर आला तो घोगरा, शब्द जिभेला चिकटलेले. पलीकडची बाई 'काय म्हणताय, ऐकू येत नाही' म्हणत होती. मी पाण्याची बाटली भरून तिच्यापुढे ठेवली. तिनं ती बाजूला सरकवली. दहा मिनिटांनी पुन्हा तोच आवाज. मग मी सगळ्यांदेखत तिला बोललो. गिऱ्हाइकाला असला आवाज ऐकवायचा नसतो, राग असेल तो घरी ठेवायचा, पाणी प्यायला काय होतं, असं सगळं. ती मान खाली घालून पुढचा फोन घेत होती.

तिच्या शेजारी बसणारी मिरजेकडची मुलगी फोन संपवून माझ्यामागं बाहेर आली.

"आवं सर, ती पाणी कशी पिणार? एकाशनात एकदा बसलं की बसलं. मधनं उठलं की जेवण संपलं. पाणीबी त्याच टायमाला प्यायचं. आता उद्या दुपारीच."

मी विचारलं, किती खाल्लं होतं तिनं?

"एक घास. पाणी तर न्हाईच."

मी जिन्यातच थांबलो. काल दुपारी दीडपासून तिच्या पोटात पाणी नव्हतं, आणि उद्या दुपारी एकपर्यंत जाणार नव्हतं. बोलायचंच काम करणारी मुलगी, आणि मी तिला वर बोललो होतो. मला माझी इतकी लाज त्याआधी कधी वाटली नव्हती.

आत जाऊन मी तिला घरी जायला सांगितलं. ती म्हणाली, लवकर गेले तर आई विचारंल, आणि कळलं तर नोकरी सोडायला लावंल. सहा वाजेपर्यंत ती बसली. मी तिचे फोन दुसरीकडे वळवले आणि तिला तक्रारी टाइप करायला दिल्या. माफी मात्र मागितली नाही. सगळे बघत होते, आणि सकाळी मागू असं मी ठरवलं.

त्या दिवशी रात्री माझ्या डोक्यात एकच होतं: उद्या एक ते दीड ती जेवली नाही तर पडेल. बाराच्या गर्दीत तिघं हा हिशोबच चुकीचा होता. मी तक्ता नव्यानं मांडला. साडेअकराला चार, बाराला तीन, मग एकपर्यंत कुणी नाही, एक ते दीड फक्त ती, बाकीचे सव्वादोननंतर. सकाळी मुलांनी कुरकुर केली की साडेअकराला कोण जेवतं. मिरजेकडच्या मुलीनं त्यांना काय सांगितलं माहीत नाही, पण कुरकुर थांबली. मी स्वतः रिकाम्या खुर्चीवर बसून हेडफोन चढवला, पुणं सोडल्यावर पहिल्यांदाच.

गौरीजेवण आटोपलं होतं, जळलेले मिक्सर राहिले होते. एक वाजता ती आत गेली. पाच मिनिटांत आकडा नऊ, मग अकरा, लाल. माझ्या कानात तासगावच्या एक आजी फ्रीजचं पाणी कुठून गळतं ते सांगत होत्या आणि खिशात फोन थरथरत होता. आजींना निरोप देऊन तो उचलला. पुण्याच्या बाई म्हणाल्या, एकजण ब्रेकवर दिसतोय, लगेच बोलवा.

"नाही उठवणार," मी म्हणालो. "दीड वाजता येईल."

 त्या म्हणाल्या, हे मी लिहून ठेवते. ठेवा म्हणालो आणि पुढचा फोन घेतला.  त्या अर्ध्या तासात बारा फोन तुटले. दीडला दोन मिनिटं कमी असताना ती आली, ओठ ओले होते, आणि बसल्या बसल्या तिनं 'नमस्कार, मी आपली काय मदत करू' म्हटलं. आवाज स्वच्छ होता. मला त्या वेळी रडू येईल असं वाटलं, म्हणून मी उगाच प्रिंटरकडे गेलो.

उरलेले पाच दिवस तसेच काढले. पुण्याहून मला ताकीद आली. दुपारचं काम मात्र सांगलीतच राहिलं, कारण नव्या तक्त्यावर तो अर्धा तास सोडला तर आकडे आधीपेक्षा बरे होते. तिची दहा एकाशनं पुरी झाली. आणि मी रोज सकाळी आज माफी मागायची असं ठरवत होतो. कधी ती फोनवर असायची, कधी मी. कधी शेजारी कुणी असायचं. खरं सांगायचं तर जमत नव्हतं.

पर्व संपल्यावर दोन दिवसांनी, शिफ्ट सुटताना, ती एकेका टेबलापाशी थांबत होती. माझ्यापाशी आली आणि हात जोडून उभी राहिली.

"सर, उत्तम क्षमा. वर्षभरात माझ्या बोलण्यात, वागण्यात काही चुकलं असंल तर माफ करा."

त्यांच्यात त्या दिवशी सगळ्यांची क्षमा मागतात, हे मला नंतर कळलं. मी खुर्चीतून उठलोसुद्धा नाही. आठ दिवस तोंडात घोळवलेलं वाक्य होतं, पण बाहेर आलं ते भलतंच. मी मान हलवली आणि म्हणालो, "असू दे, असू दे."

ती हसली आणि पुढच्या टेबलाकडे गेली.